अंड्याला शिव्या आणि खोबरेलाला नमस्कार? आधी हिशोब बघा!

मित्रांनो, जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केला. तेव्हा आपल्या जालन्यातल्या काहींनी लगेच लिहिलं, "बरंच झालं, अंड्यात कोलेस्टेरॉल असतं!" आणि हीच मंडळी उपाशीपोटी चमचाभर खोबरेल तेल प्यायचे व्हिडिओ फॉरवर्ड करतात. का? तर बाटलीवर 'कोलेस्टेरॉल शून्य' छापलेलं असतं.

अहो, कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. प्रश्न तो नाहीच. हृदयाला धोका रक्तातल्या वाईट कोलेस्टेरॉलचा, म्हणजे रिपोर्टवरच्या एलडीएलचा. ते रक्तातून उचलायचं काम यकृत करतं. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की यकृताचं हे काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. याउलट जेवणातून कोलेस्टेरॉल जास्त आलं, तर बहुतेकांचं यकृत स्वतःचं उत्पादन कमी करून बरंचसं सांभाळून घेतं.

आता हिशोब करा. एका अंड्यात कोलेस्टेरॉल साधारण १८५ मिलिग्रॅम, पण संपृक्त चरबी फक्त दीड ग्रॅम. मोठा चमचा खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल शून्य, पण संपृक्त चरबी ११-१२ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा साधारण २२ ग्रॅम. म्हणजे एका चमच्यात निम्मा कोटा संपला.

पुरावा पाहिजे? २०२० मध्ये सोळा प्रयोग एकत्र तपासले गेले. सोयाबीन, करडईसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलानं एलडीएल सुमारे १० अंकांनी वाढलं. २०२५ च्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात रोज दोन अंडी, पण संपृक्त चरबी कमी, असा आहार दिला. एलडीएल वाढलं नाही, उलट थोडं उतरलं. हा प्रयोग छोटा होता आणि त्याला अंडी उद्योगाचा पैसा होता, हेही सांगतो. म्हणून एकट्या त्याच्यावर जाऊ नका. पण २०२० च्या मोठ्या पाहणीतही रोज एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही.

सगळ्यांना मोकळं रान आहे असं मात्र नाही. मधुमेह असेल किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असेल, तर किती अंडी खायची ते डॉक्टरांना विचारा. काहींचं एलडीएल अंड्यानंही चढतं. ते तपासणीतच कळतं.

आणि काळ्या मसाल्यातल्या खोबऱ्याला कुणी हात लावत नाहीये! चौघांच्या भाजीत वीस ग्रॅम सुकं खोबरं घातलं, तरी माणशी तीन ग्रॅमच्या आतच संपृक्त चरबी येते. चूक होते ती रोजचं तेल बदलून खोबरेल धरण्यात. आपल्या मराठवाड्याच्या करडईच्या तेलात संपृक्त चरबी जेमतेम सात-आठ टक्के, खोबरेलात ऐंशीच्या वर. घरचं सोडून कुठे निघालात?

अंडं नको असेल तर तुमच्या धर्माचं, आवडीचं कारण सांगा, त्याचा मान आहे. पण पोराच्या ताटातलं अंडं हृदयाच्या नावानं काढू नका.