तांब्याची घागर की स्टीलचं पिंप? मंठ्यातल्या आजींचा हिशेब

मंठ्यातल्या एका घरात ओट्याखाली तीन भांडी आहेत : आजींच्या सासूची तांब्याची घागर, रुखवतात आलेला पितळेचा हंडा आणि सुनेने घेतलेलं तोटीचं स्टीलचं पिंप. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिण्याचं पाणी साठवावंच लागतं. मागच्या पावसाळ्यात नातवाला जुलाब झाले आणि प्रश्न उभा राहिला, पाणी ठेवायचं कशात?

आजींचं म्हणणं ठाम होतं. ‘लेकरा, तांब्यातलं पाणी बाधत नाही.’ नातू म्हणाला, ‘आजी, या सगळ्या जुन्या समजुती.’ दोघांचंही अर्धंच खरं आहे.

प्रयोग काय सांगतात?

बेंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्यात मुद्दाम हगवण, कॉलरा, टायफॉइडच्या गटातले जंतू मिसळले आणि ते तांब्याच्या भांड्यात ठेवलं. 16 तासांनी जिवंत जंतू सापडले नाहीत. तांब्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरतात आणि जंतूंचं आवरण बिघडवतात. पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला 0.2 मिलिग्रॅमहूनही कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2 मिलिग्रॅमची आहे.

पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. ब्रिटनमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचे रॉब रीड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये पितळेच्या भांड्यांचे निष्कर्ष मांडले. तिथेही जंतू मेले, पण त्यांचा मागमूस जायला 48 तास लागले. स्टील यातलं काहीच करत नाही. आत गेलं तसंच पाणी बाहेर येतं.

म्हणजे आजींची समजूत निराधार नाही. अडचण आहे ती घड्याळाची.

रात्र पुरत नाही

आजी रात्री नऊला घागर भरतात आणि पहाटे सहाला पहिला तांब्या पितात. हे झाले नऊ तास. प्रयोगातल्या 16 तासांसाठी तेच पाणी दुपारी एकपर्यंत थांबायला हवं. त्यात घरात सहा माणसं. घागर अर्धी झाली की कोणीतरी वरून पाणी ओततं आणि त्या नव्या पाण्याचे तास पुन्हा शून्यापासून सुरू होतात. घागर तांब्याचीच असते, पण नातवाच्या पेल्यात आलेलं पाणी कदाचित अर्ध्या तासापूर्वीचं असतं.

शिवाय तो प्रयोग प्रयोगशाळेतला होता. त्यात मोजले ते जंतू, घरातल्या माणसांची आजारपणं नव्हेत. आणि बोअरच्या पाण्यातले क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड तांबं काढू शकत नाही.

पितळेच्या हंड्यातली मेख

आजींच्या पितळेच्या हंड्याला आतून कल्हई आहे. कल्हई म्हणजे कथलाचा थर. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून तो लावतात आणि स्वयंपाकासाठी तो योग्यच आहे. पण पाणी मग पितळेला लागतच नाही. असा हंडा पाण्याच्या बाबतीत स्टीलसारखाच. कल्हई उडालेल्या भांड्यात, किंवा तांब्याच्या घागरीत, लिंबूपाणी आणि ताक मात्र कधीच ठेवू नये. आंबटामुळे धातू जास्त प्रमाणात उतरतो आणि मळमळ, उलटी होऊ शकते. घागरीच्या आत हिरवट कळंक दिसला तर चिंचेने घासून, भरपूर पाण्याने धुऊन मगच ती भरावी.

मग निवड कोणती?

रोजच्या पाण्यासाठी सुनेचं पिंपच बरं, पण ते स्टीलचं आहे म्हणून नव्हे. त्याला झाकण आहे आणि तोटी आहे, त्यामुळे पाण्यात हात बुडत नाही. मात्र त्यात पडणारं पाणी आधी शुद्ध हवं. खळखळून उकळलेलं, किंवा क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास ठेवलेलं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, गाळून घ्यावं. क्लोरीनला लागतो अर्धा तास आणि तांब्याला 16 तास. पावसाळ्यात हा फरक मोठा आहे.

घागर माळ्यावर टाकायची गरज नाही. तिच्यात हेच शुद्ध केलेलं पाणी संध्याकाळी भरावं, झाकून ठेवावं, दुसऱ्या दिवशी दुपारपासून वापरावं आणि पूर्ण रिकामी होईपर्यंत वरून ओतू नये. सहा जणांना ती पुरणार नाही, पण आजींना पुरेल.

आजींनी शेवटी तसंच केलं. सुनेला म्हणाल्या, ‘पिंप तुझं, घागर माझी. पण पाणी दोन्हीत उकळलेलंच घाल.’ सासूकडून आलेली घागर राहिली. बदलला तो फक्त तिच्यावरचा आंधळा भरवसा.