टर्की म्हणजे मोठी कोंबडी नव्हे! पहिल्या पंधरा दिवसांत पिल्लं का मरतात?

डिसेंबर जवळ आला की फेसबुक, इन्स्टावर टर्कीचे व्हिडिओ फिरायला लागतात. पिसारा फुलवलेला नर, शेजारी उभा शेतकरी आणि वर मोठ्या अक्षरांत 'कोंबडीपालन सोडा, टर्की पाळा'. गिनी फाऊलचंही तेच. राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेला हा पक्षी साप, कुत्रा किंवा अनोळखी माणूस दिसला की गलका करतो, त्यामुळे 'शेताचा चौकीदार' म्हणून त्याच्या रील्स चालतात.

दुसरीकडे बाजारही बदलतोय. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत आणि अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेतला एक जुना वाद मिटवला. त्या वेळी भारताने काही अमेरिकी मालावरचं आयात शुल्क कमी करायला मान्यता दिली आणि त्या यादीत फ्रोझन टर्कीही होती. म्हणजे मोठ्या हॉटेलांना बाहेरचा माल मिळणं सोपं होतंय. अशा वेळी ५० पक्षी पाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्याच्या हातात एकच मोठी गोष्ट उरते, ती म्हणजे आपली पिल्लं न मरू देणं.

नेमकं तिथेच गणित बिघडतं. कोंबडी पाळायचा दहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचीही टर्कीची पिल्लं पहिल्या पंधरा दिवसांत पटापट मरतात. असं का होतं, ते समजून घेऊ.

पिल्लू उपाशी मरतं, तेही खाद्यासमोर बसून

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा असतो. त्यावर ते तीन-चार दिवस काढू शकतं. कोंबडीचं पिल्लू तोपर्यंत दिसेल त्यावर चोच मारत खायला शिकलेलं असतं. टर्कीचं पिल्लू मात्र शिकायला मंद असतं. त्याला जवळचं नीट दिसत नाही, खाद्य कुठलं आणि पाणी कुठलं हे लवकर कळत नाही. घाबरलं की ते कोपऱ्यात दाटीवाटीने बसून राहतं.

म्हणून टर्कीत मरतुकीची पहिली लाट चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास येते. शेतकऱ्याला वाटतं रोग आला आणि तो औषध आणायला धावतो. मेलेलं पिल्लू उघडून पाहिलं तर पोटात खाद्य नसतंच, फार तर खाली अंथरलेलं तूस सापडतं. म्हणजे पिल्लू भुकेनेच मेलेलं असतं.

हे वेळेत ओळखायची पद्धत सोपी आहे. पहिले पाच दिवस रोज संध्याकाळी दहा-बारा पिल्लं हातात घ्या आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी हलकेच चाचपा. ती भरलेली आणि मऊ लागली तर ठीक. रिकामी लागली तर ते पिल्लू वेगळं काढून हाताने भरवा.

भरवायचं काय? आपल्याकडे टर्कीपालनात रुळलेली पद्धत अशी: पहिले पंधरा दिवस दर दहा पिल्लांमागे रोज एक उकडलेलं अंडं कुस्करून द्यायचं आणि एक लिटर पाण्यात १०० मिली दूध मिसळून पाजायचं. दुधाचं पाणी उन्हाळ्यात लगेच आंबतं, म्हणून ते थोडंथोडं करून ठेवा आणि भांडं दर वेळी धुवा.

दुसरी युक्ती रंगाची. टर्कीची पिल्लं चमकदार आणि हिरव्या गोष्टींवर चोच मारतात. म्हणून खाद्याच्या ताटात बारीक चिरलेला पाला भुरभुरायचा आणि पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकायच्या. गोट्यांमुळे पिल्लांचं लक्ष पाण्याकडे जातं आणि ती त्यात बुडतही नाहीत. गोट्या मात्र पिल्लाला गिळता येणार नाहीत एवढ्या मोठ्या हव्यात.

ऊब किती आणि किती दिवस?

सुरुवातीचं तापमान कोंबडीसारखंच, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचं. फरक पडतो तो दिवसांत. कोंबडीच्या पिल्लांचा बल्ब आपण उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत काढतो. टर्कीला मात्र चार आठवडे ऊब द्यावी लागते आणि थंडीत त्याहून जास्त.

थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय. सगळीकडे सारखी पसरली असतील तर बरोबर आहे.

५० पिल्लांसाठी एक मोठा बल्ब लावण्यापेक्षा दोन लहान लावा. रात्री एक उडाला तर सगळी पिल्लं गारठून एकमेकांखाली चिरडत नाहीत. भोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कुंपण करा, म्हणजे दाटी व्हायला कोपराच उरत नाही. पहिले काही दिवस तुसावर गोणपाट अंथरा, त्यामुळे पिल्लं तूस खात नाहीत. वर्तमानपत्र टाळा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून ते फाकतात आणि असं पिल्लू पुढे नीट उभं राहत नाही.

कोंबडीचं खाद्य का पुरत नाही?

अंड्यावरच्या कोंबडीच्या पिल्लांना साधारण २० टक्के प्रथिनांचं खाद्य चालतं. टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे सुमारे २८ टक्के लागतात. गिनी फाऊल दोघांच्या मध्ये, २४ ते २६ टक्क्यांवर. गावातल्या दुकानात टर्कीसाठीचं वेगळं खाद्य सहसा मिळत नाही. मग करायचं काय?

५० पिल्लांचा हिशोब करू. चार आठवड्यांत एका पिल्लाला साधारण एक किलो खाद्य धरलं तर ५० किलो लागेल. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये साधारण २३ टक्के प्रथिनं असतात, सोयाबीन पेंडीत सुमारे ४६ टक्के. ३९ किलो प्री-स्टार्टरमधून ९ किलो प्रथिनं मिळतात आणि ११ किलो पेंडीतून ५ किलो. दोन्ही मिळून ५० किलोत १४ किलो, म्हणजे बरोबर २८ टक्के.

पण एवढ्यावर काम भागत नाही. पेंड मिसळली की खाद्यातली जीवनसत्त्वं आणि खनिजं पातळ होतात. त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व टर्कीला कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं की गुडघ्यासारखा दिसणारा पायाचा सांधा सुजतो आणि पाय वाकडे होतात. म्हणून मिश्रणात पक्ष्यांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण किती घालायचं, ते पशुवैद्यकाला विचारून घाला.

पोत्यावरचं लेबल वाचलं नाही तर?

हा मुद्दा रील्समध्ये क्वचितच येतो. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून ब्रॉयलर खाद्यात बऱ्याचदा आधीच औषध मिसळलेलं असतं. त्यातली सॅलिनोमायसिन आणि नरासिन ही औषधं कोंबडीला चालतात, टर्कीसाठी मात्र ती विषारी आहेत. मोनेन्सिन हे तिसरं औषध गिनी फाऊलच्या आणि मोठ्या झालेल्या टर्कीच्या जिवावर बेतू शकतं.

विषबाधा झालेल्या पक्ष्याच्या पायातली ताकद जाते. तो छातीवर किंवा कुशीवर पडून राहतो, त्याला श्वास घ्यायला त्रास होतो. असे दोन-चार पक्षी एकदम दिसले तर आधी खाद्य बंद करा आणि पोतं घेऊन पशुवैद्यकाकडे जा. त्याहून बरं म्हणजे पोतं घेतानाच लेबलवर ही नावं शोधा. लेबल नसेल तर दुकानदाराकडून औषध नसलेलं खाद्य मागा.

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली तर?

घरोघरी हीच पद्धत आहे. गिनी फाऊलसाठी ती खरोखर उपयोगी पडते. गिनी फाऊलची मादी आई म्हणून बेफिकीर असते. ती सकाळी दवाने भिजलेल्या गवतातून पिल्लांना फिरवते. २५ ग्रॅमच्या आसपासची ती पिल्लं ओली झाली की गारठून मरतात. कोंबडी त्यांना पंखाखाली घेते. फक्त कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, गिनी फाऊलची २६ ते २८ दिवसांत. म्हणून बैठकीला पक्की असलेली कोंबडीच निवडा, नाहीतर ती मध्येच उठते. ब्रूडरमध्ये पिल्लं वाढवत असाल तर कुंपणातली बोटभर फटही बुजवा आणि पाण्याच्या भांड्यात खडे टाका.

टर्कीच्या अंड्यांनाही २८ दिवस लागतात, पण इथे कोंबडीची मदत महागात पडू शकते. कोंबडीच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक जंताच्या अंड्यांमधून 'ब्लॅकहेड' नावाचा रोग पसरतो. कोंबडीला बहुतेक वेळा काही होत नाही, ती फक्त वाहक असते. टर्कीच्या मात्र यकृतावर चट्टे पडतात आणि निम्म्याहून जास्त कळप जाऊ शकतो. अमेरिकेत या रोगाचा जंतू १८९५ मध्येच ओळखला गेला, पण खात्रीचं औषध आजही नाही. गंधकासारखी पिवळी विष्ठा ही त्याची मोठी खूण.

या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे ज्या परसात आजवर कोंबड्या फिरल्या, तिथे टर्की सोडू नका. जागा वेगळी, भांडी वेगळी, चपलाही वेगळ्या. ज्याच्याकडे एकच परस आहे त्याने कोंबडी आणि टर्की यातलं एकच निवडावं. गिनी फाऊल या रोगाला टर्कीपेक्षा जास्त तग धरतं, म्हणून कोंबड्या असलेल्या घरी ते जास्त सोयीचं.

मग परवडतं का?

उदाहरणादाखल एक पिल्लू २०० रुपयांचं धरू. ५० पिल्लांचे झाले १० हजार. पाच मेली तर उरलेलं प्रत्येक पिल्लू सुमारे २२२ रुपयांना पडलं. वीस मेली तर ३३३ रुपयांना, आणि अजून खाद्याचा मोठा खर्च सुरूही झालेला नाही. पंधरा दिवस रोज पाच अंडी म्हणजे ७५ अंडी. अंडं सात रुपयांचं धरलं तरी खर्च ५२५ रुपये. म्हणजे तीन पिल्लं जरी जास्त वाचली तरी हा खर्च निघतो.

विक्रीचा प्रश्न यानंतरचा आहे. टर्कीचा नर विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि गिऱ्हाईक मुख्यतः डिसेंबरातलं. म्हणजे त्यासाठीची पिल्लं जून-जुलैत, ऐन पावसाळ्याच्या ओलीत वाढवायची. ज्याच्याकडे कोरडी शेड, रात्रीच्या विजेचा भरवसा आणि पहिले पंधरा दिवस दिवसभर घरी थांबणारं माणूस नाही, त्याने ५० ऐवजी १० पिल्लांनी सुरुवात केलेली बरी.