मग पुढची बदली कधी?

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती पुण्यातल्या एका इंटरव्ह्यूतून नुकतीच बाहेर पडली होती. ‘अगं, पंधरा मिनिटांपैकी सात मिनिटं नाना पाटेकरवर गेली!’ रेझ्युमेवर हेमलकसा दिसलं की असं होणारच. आमटे दांपत्य, लोकबिरादरी प्रकल्प, २०१४ चा तो सिनेमा, बिबट्या... समोरचे भारावून ऐकत राहिले आणि ही बाई अकाउंट्समध्ये काय करते, हे विचारायचंच राहून गेलं. मग शेवटच्या मिनिटाला गुगली आली: ‘यवतमाळला अकराच महिने? आणि मग चंद्रपूर चौदा?’

तिचा नवरा वनखात्यात आहे. नाशिकला तिने एकोणीस महिने नोकरी केली, यवतमाळला अकरा, चंद्रपूरला चौदा आणि मग नवऱ्याला भामरागड मिळालं. दोघं हेमलकशात राहिली. तिथे अकाउंटंटला ऑफिस कुठून मिळणार? पण चंद्रपूरच्या तिच्या जुन्या साहेबांनी तिला घरून काम दिलं. ते बावीस महिने चाललं. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की पलीकडे भामरागड तुटतं आणि अलीकडे हिचं नेटवर्क जातं. म्हणून जीएसटीची कामं ती तारखेच्या आठवडाभर आधीच उरकायची.

आणि गंमत म्हणजे रेझ्युमेवर तिने या बावीस महिन्यांसमोर लिहिलं होतं ‘करिअर ब्रेक’! अगं बाई, जुना मालक दोनशे किलोमीटरच्या आसपास लांबून पुन्हा काम देतो, याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं? आम्ही चंद्रपूर आणि हेमलकसा एकाच नावाखाली आणलं: चौदा महिने ऑफिसातून, बावीस महिने दुरून, म्हणजे एकाच ठिकाणी छत्तीस महिने. यात खोटं काही नाही, फक्त दुसरा भाग ‘फ्रीलान्स’ आहे हे स्पष्ट लिहायचं. ते पीएफमध्ये दिसणार नाही, पण बँकेत आलेले पैसे आणि कापलेला टीडीएस दाखवता येतो. बदलीचं कारण मात्र प्रत्येक नोकरीखाली लिहू नका, ते रडगाणं वाटतं. वर एकदाच: ‘पतीच्या शासकीय बदल्यांमुळे शहरबदल.’ बस्स.

काही जणी महिने गाळून नुसती वर्षं लिहितात. कशाला? यूएएन आल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, प्रत्येक नोकरीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख एकाच नंबराखाली जमते आणि व्हेरिफिकेशनवाले बऱ्याचदा तेच मागतात. माझ्या मैत्रिणीची गोची वेगळीच निघाली. यवतमाळच्या ऑफिसने तिची सोडल्याची तारीख भरलीच नव्हती! कागदोपत्री ती चंद्रपूरला असतानाही यवतमाळात कामाला होती. म्हणजे बदल्यांचा संशय राहिला बाजूला, एका वेळी दोन नोकऱ्या केल्याचा नवाच संशय.

यावर उपाय आहे. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले असतील, तर ईपीएफओच्या पोर्टलवर कर्मचारी स्वतः ती तारीख भरू शकतो. त्यासाठी यूएएनला आधार आणि आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. भरण्याआधी रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा, कारण एकदा चुकीची तारीख गेली की दुरुस्तीला फेऱ्या. इंटरव्ह्यूच्या आधीच सर्व्हिस हिस्टरी उघडून रेझ्युमेशी महिना-महिना ताडून बघा.

आता मूळ प्रश्न. समोरच्याला तुमच्या मागच्या बदल्यांचं फारसं पडलेलं नसतं. त्याला धास्ती असते की ही बाई ट्रेनिंग घेईल आणि अकराव्या महिन्यात टाटा करेल. त्यामुळे उत्तर पुढच्या काळाबद्दल हवं. राज्य सरकारच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात गट अ ते क च्या कर्मचाऱ्यांचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे आणि नेहमीच्या बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात. (पोलिसांचं गणित वेगळं, ते त्यांच्या कायद्यात बघा.) म्हणजे नवरा रुजू झालेल्या महिन्यापासून बोटं मोजता येतात.

अर्थात हमी नाही. यवतमाळहून नवऱ्याला मध्येच प्रमोशनवर हलवलं, म्हणून तर ते अकरा महिने! त्यामुळे ‘आता मी कुठे जात नाही हो’ असली शपथ घेऊ नका. नवरा-बायकोचं खरंच ठरलं असेल, तरच ‘पुढच्या वेळी तो जाईल, मी आणि मुलगी इथेच’ असं म्हणा.

दुसऱ्या कंपनीत तोच प्रश्न आला. या वेळी ती म्हणाली, ‘मिस्टर यंदा जूनमध्ये पुण्याला रुजू झालेत, नेहमीप्रमाणे तीन वर्षं धरा. मध्येच बदली झाली तर नोटीस पिरियड पूर्ण करेन. मागच्या वेळी दुसऱ्या गावाहूनही काम सोडलं नव्हतं, साहेबांचा नंबर देते.’ एचआरच्या बाईंनी नंबर लिहून घेतला. मग हळूच विचारलं, ‘आणि ते बिबटे खरंच इतक्या जवळ असतात?’