ताबापत्रात दीड चौरस मीटर कमी: बिल्डरला काय विचारायचे?

करारनाम्यात कार्पेट एरिया 58 चौरस मीटर. ताबापत्रात 56.50. विचारणा केली की बिल्डरच्या ऑफिसातून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, "तीन टक्क्यांपर्यंत फरक कायद्यालाच मान्य आहे." हे उत्तर अर्धे खरे आहे. फरक राहू शकतो, पण त्या फरकाचे पैसे बिल्डरला ठेवून घेता येत नाहीत.

हे तीन टक्के आले कुठून ते पाहू. रेरा कायद्याखाली महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये नियम केले आणि त्यांना विक्री करारनाम्याचा नमुना जोडला. त्यात म्हटले आहे की इमारत पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट एरिया कळवायचा, फरक तीन टक्क्यांच्या आत असला पाहिजे, आणि किंमत नव्याने काढायची. क्षेत्र कमी भरले तर जास्तीची रक्कम 45 दिवसांत व्याजासह परत द्यायची. व्याज ती रक्कम भरल्याच्या तारखेपासून धरायचे. दर करारातलाच, प्रति चौरस मीटर. पहिले वाक्य सांगायचे आणि पुढची गाळायची, ही सवय फार जुनी आहे.

वरच्या उदाहरणाचा हिशेब करू. दर 30,000 रुपये प्रति चौरस मीटर धरला तर फ्लॅटची किंमत 17 लाख 40 हजार होते. कमी भरले 1.50 चौरस मीटर, म्हणजे 2.59 टक्के. मर्यादेच्या आत. तरीही 45,000 रुपये परत येणे आहे. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरवर दोन टक्के असा ठरलेला आहे. उदाहरणापुरता तो 10 टक्के धरला, तर वर्षाला आणखी 4,500 रुपये होतात. क्षेत्र 56.26 च्याही खाली गेले असते तर तीन टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली असती. मग प्रश्न परतफेडीपुरता राहत नाही. तो करारभंग ठरतो आणि नुकसानभरपाईही मागता येते.

मात्र पत्र लिहिण्याआधी आपला आकडा पक्का करा. कायद्यातल्या कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती, पाइपांच्या डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची येत नाही. आतल्या भिंती मात्र येतात. महारेराने 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट केले की फ्लॅटच्या आतले खांबही त्यात धरायचे. टेप घेऊन खोल्या मोजणारे नेमके इथे फसतात. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, बाथरूम यांची बेरीज करतात आणि क्षेत्र कमी आले म्हणतात. साडेचार इंची भिंत साधारण 115 मिलिमीटर जाडीची असते. आत अशा 12 मीटर लांबीच्या भिंती असतील तर त्यांच्याखालीच 1.38 चौरस मीटर जाते. ते मिळवले नाही तर आपली तक्रार पहिल्याच बैठकीत कोसळते.

बिल्डरचे दुसरे ठरलेले उत्तर असते, "प्लास्टरमध्ये गेले." तेही तपासून पाहता येते. आतल्या भिंतींचे प्लास्टर कार्पेट एरियातच मोजले जाते, त्यामुळे कमी होते ते बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूच्या प्लास्टरपुरते. 8 मीटर बाय 7.25 मीटरचा फ्लॅट घ्या, म्हणजे बरोबर 58 चौरस मीटर. चारही बाजूंनी 15 मिलिमीटर प्लास्टर झाले तर उरते 57.54. अर्धा चौरस मीटरही जात नाही. खाचाखोचा असलेल्या फ्लॅटमध्ये थोडे अधिक जाईल, पण दीड मीटरचा खुलासा एकट्या प्लास्टरने होणे कठीण. भिंत जाड बांधली, डक्ट मोठी केली किंवा मंजूर नकाशा बदलला, यांपैकी काहीतरी घडलेले असते. आणि आपल्या फ्लॅटच्या नकाशात आपल्या संमतीशिवाय बदल करायला रेराच्या कलम 14 ने मनाई केली आहे; किरकोळ बदलांना सवलत आहे, पण त्याचीही कारणे सांगावी लागतात.

आणखी एक गोष्ट. "कबूल केलेले" क्षेत्र म्हणजे नोंदणीकृत करारातले. माहितीपत्रकातला 850 चौरस फूट हा आकडा बहुधा बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप असतो. त्याची तुलना ताबापत्राशी करून उपयोग नाही. करार चौरस मीटरमध्ये आणि ताबापत्र चौरस फुटांत असेल तर 10.764 ने गुणून घ्या.

आता पत्र. ते रागाचे नको, आकड्यांचे हवे:

"महोदय, आपल्या प्रकल्पातील फ्लॅट क्र. … च्या नोंदणीकृत करारनाम्यात कार्पेट एरिया 58.00 चौ. मी. नमूद आहे. दि. … च्या ताबापत्रात तो 56.50 चौ. मी. आहे. ही 1.50 चौ. मी. घट कोणत्या कारणाने झाली ते लेखी कळवावे. सोबत अंतिम मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र आणि आपल्या आर्किटेक्टचा खोलीनिहाय मोजमाप तक्ता, आतील भिंती व बाल्कनी वेगळ्या दाखवून, द्यावा. संयुक्त मोजणीसाठी पुढील 15 दिवसांतील तारीख कळवावी. करारातील दराने होणारे 45,000 रुपये व नियमानुसार व्याज 45 दिवसांत परत करावे. ताबा मी माझे हक्क राखून घेत आहे."

शेवटचे वाक्य विसरू नका. ताबापत्रात "क्षेत्राबाबत तक्रार नाही" अशी ओळ छापलेली असते. ती खोडून, किंवा सहीशेजारी "क्षेत्राबाबत हक्क राखून" असे हाताने लिहून त्या पानाचा फोटो काढावा. पत्र ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टानेही, पोच जपून ठेवा. संयुक्त मोजणीला आपला सिव्हिल इंजिनिअर सोबत न्या. त्याची फी या रकमेपुढे किरकोळ आहे.

उत्तर आले नाही तर नोंदणीकृत प्रकल्पाची तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते. शुल्क 5,000 रुपये.

मंगरूळपीरसारख्या गावात खरी अडचण वेगळीच येते. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. दोन मजली, सहा फ्लॅटची इमारत या सवलतीत बसते. मग 1963 चा महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा पाहावा लागतो. त्यातही करारात कार्पेट एरिया लिहिणे बंधनकारक आहे, पण तिथे बाल्कनी त्यात धरून वेगळी दाखवायची असते. म्हणून अशा करारातला आकडा तपासताना बाल्कनी आधी वजा करावी. तीन टक्क्यांचे ते कलम करारात लिहिलेले नसेल तर बिल्डरलाही त्याचा आधार घेता येत नाही. कमी दिलेले ते कमीच. अशी तक्रार वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येते. किंमत 10 ते 20 लाखांच्या दरम्यान असल्यास शुल्क 400 रुपये आहे आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. बिल्डरशी तोंडी बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही.