लालबागची हवा आणि लालबागचा माणूस

‘तुमच्या भागाची हवा खराब, म्हणून तुम्हाला दम लागतो’ असे कुणी सांगितले की आपण मान डोलावतो. माझ्या मते तेवढ्यावर थांबू नये.

परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मुंबईत एक मोठी पाहणी हाती घेतली. हवेतील सल्फर डायऑक्साइडवरून तीन भाग ठरवले. लालबाग जास्त प्रदूषणाचा, चेंबूर मधला, खार कमी प्रदूषणाचा. तुलनेसाठी मुंबईबाहेरचा एक ग्रामीण भागही घेतला. एकूण ४,१२९ माणसे तपासली. तपासणी माणसागणिक झाली, पण हवेचा आकडा मात्र पूर्ण भागाला एकच लावला गेला.

धाप लागण्याचे प्रमाण लालबागला ७.३ टक्के, चेंबूरला ६, खारला ३.२ निघाले. पायऱ्या अगदी सरळ उतरतात. म्हणजे दोष हवेचा? गावचा आकडा पाहा: ५.५ टक्के, खारपेक्षा जास्त. गावात ना गिरण्या, ना गाड्यांची गर्दी. पण चुलीचा धूर घरात कोंडतो, आणि तो बाहेरची हवा मोजणाऱ्या यंत्राला दिसत नाही. हृदयविकाराचे प्रमाण तर खारलाच सर्वाधिक, ८.२ टक्के, लालबागला ६.८. आता खारच्या स्वच्छ हवेने हृदय बिघडते असे कोण म्हणेल? वय, खाणेपिणे, डॉक्टरकडे जाण्याची ऐपत, असे इतर फरक तिथे डोके वर काढतात.

त्या काळच्या लालबागची एक चाळ डोळ्यांसमोर आणा. एकाच खोलीतला बाप गिरणीत कापसाची धूळ खातो आणि वर विडी ओढतो, आई रॉकेलच्या स्टोव्हपुढे बसते, मुलगा शाळेत जातो. तिघांच्या नावापुढे सल्फर डायऑक्साइडचा आकडा एकच. बापाची धाप रस्त्यावरच्या हवेची की कांडीखात्याची, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. शिवाय फार आजारी पडलेला माणूस गावी परतला असेल, तर तो मोजणीतून सुटलाच.

म्हणून ती पाहणी फुकट गेली असे मी म्हणत नाही. एका भागातले सगळेच जवळजवळ सारखी हवा घेतात, तेव्हा त्या हवेचा परिणाम शोधायला दोन भागांची तुलना करावीच लागते. मात्र तिच्यातून संशय मिळतो; कोणा एकाच्या आजाराचे कारण मिळत नाही.

आज वॉर्डागणिक क्षयाचे, दम्याचे आकडे छापून येतात. उद्या वस्तीत पाहणीवाले आले आणि नुसता पत्ता लिहून निघाले, तर त्यांना थांबवा. काम कोणते, किती वर्षे, स्वयंपाक कशावर, विडी-तंबाखू आहे का, या खोलीत राहायला कधी आलात, हे सगळे कागदावर लिहून घ्यायला लावा.