तीन वर्षांचे रिटर्न बघून धंद्याचा पैसा म्युच्युअल फंडात टाकू नका



मागच्या व्हिडिओत आपण खेळत्या भांडवलाबद्दल बोललो. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला: "सर, सीझन संपला की दोन-तीन लाख बँकेत नुसते पडून असतात. अमुक फंडाने तीन वर्षांत वर्षाला ३० टक्के दिलेत. तिथे टाकले तर काय बिघडलं?"

माझं मत आधीच सांगतो. ज्या पैशावर तारीख लिहिलेली आहे, म्हणजे व्यापाऱ्याचं देणं, जीएसटी, दुकानाचं भाडं, पुढच्या सीझनचा माल, तो पैसा शेअर्सच्या फंडात टाकायचा नाही. त्या फंडाचे रिटर्न कितीही चांगले असोत. फंड वाईट असतात म्हणून मी हे म्हणत नाही. तो "३० टक्के" आकडा नक्की कशाचा असतो, हे बहुतेकांना कुणी समजावलेलंच नसतं, म्हणून म्हणतोय.

आधी डबा कसा भरतो ते बघू

भिशी सगळ्यांना माहीत आहे. सगळे मिळून पैसे टाकतात आणि पाळीपाळीने एक जण उचलतो. म्युच्युअल फंडातही पैसे एकत्र येतात, पण तिथे कुणाची पाळी नसते. सगळ्यांच्या पैशातून शेअर्स किंवा रोखे घेतले जातात आणि त्या सगळ्या मालात प्रत्येकाचा त्याच्या पैशाइतका वाटा असतो. या वाट्याला युनिट म्हणतात. एका युनिटची त्या दिवशीची किंमत म्हणजे एनएव्ही. हिशोब सोपा आहे: फंडाकडे असलेल्या मालाची आजच्या बाजारभावाने किंमत काढायची, त्यातून खर्च वजा करायचा आणि एकूण युनिटनी भागायचं. हे कामकाजाच्या प्रत्येक दिवशी होतं.

फंड कंपनी फक्त व्यवस्थापन करते आणि त्याची फी त्याच डब्यातून घेते. माल ट्रस्टच्या नावाने वेगळा ठेवलेला असतो. म्हणून "कंपनी बुडाली तर पैसे बुडतील" ही भीती तितकीशी खरी नाही. पण मालाचा भाव पडला तर तो तोटा कंपनी भरून देत नाही. तो थेट युनिटमध्ये उतरतो, म्हणजे तुमच्या खिशात.

आता एक छोटा फंड कागदावर चालवून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, खर्च बाजूला ठेवलाय.

चार दुकानदारांनी प्रत्येकी २५,००० टाकले. झाले १ लाख. युनिट १० रुपयांना, म्हणजे १०,००० युनिट. फंडाने शेअर्स घेतले, वर्ष चांगलं गेलं, मालाची किंमत दीड लाख झाली. एनएव्ही १५. आता जाहिरात येते: एका वर्षात ५० टक्के!

ती बघून आणखी सहा जण आले. प्रत्येकी ५०,०००, एकूण ३ लाख. त्यांना युनिट १५ रुपयांनी मिळाले, म्हणजे २०,००० युनिट. नवे लोक आले म्हणून जुन्यांचं नुकसान झालं नाही, कारण नव्यांनी त्या दिवसाचा पूर्ण भाव मोजलाय. डब्यात आता साडेचार लाख आणि ३०,००० युनिट आहेत.

पुढच्या वर्षी बाजार पडला आणि मालाची किंमत ३० टक्क्यांनी घसरली. साडेचार लाखांचे राहिले ३,१५,०००. एनएव्ही आली १०.५०.

आता गंमत बघा. फंडाच्या माहितीपत्रकात काय छापलं जाईल? सुरुवातीपासून ५ टक्के वाढ. १० चे १०.५० झाले, त्यामुळे हे खोटंही नाही. पहिल्या चौघांचे २५,००० चे २६,२५० झाले. पण नंतर आलेल्या सहा जणांचे ५०,००० चे ३५,००० राहिले. सगळ्यांनी मिळून ४ लाख टाकले आणि हातात ३,१५,००० आहेत. डब्यातल्या लोकांना एकत्रित ८५,००० चा तोटा, आणि फंड मात्र नफ्यात!

हा मुद्दा लक्षात ठेवा. छापलेला रिटर्न त्या एका युनिटचा असतो, जो पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत डब्यात होता. तो लोकांच्या पैशाचा रिटर्न नसतो. आणि जास्त पैसा नेहमी कधी येतो? आकडा मोठा दिसायला लागल्यावर.

खऱ्या बाजारात हे कसं दिसलं

आपला सेन्सेक्सच घेऊ, म्हणजे एखाद्या फंडाला दोष द्यायला नको. लाभांश यात धरलेला नाही, फक्त निर्देशांक.

डिसेंबर २००४ अखेर सेन्सेक्स ६,६०० च्या आसपास होता. डिसेंबर २००७ अखेर २०,२८६. तीन वर्षांत तिप्पट, म्हणजे वर्षाला साधारण ४५ टक्के. त्या डिसेंबरमध्ये कुठलाही तक्ता उघडला असता तर तीन वर्षांच्या रकान्यात असेच आकडे दिसले असते.

समजा तो रकाना बघून कुणी तेव्हा पैसे टाकले. एका वर्षाने, २००८ अखेर, सेन्सेक्स ९,६४७ वर होता. लाखाचे ४८,००० च्या आत. तीन वर्षांनी, २०१० अखेर, २०,५०९. म्हणजे तीन वर्षं थांबून लाखाचे जेमतेम १ लाख १ हजार. मागच्या तीन वर्षांत ४५ टक्के, पुढच्या तीन वर्षांत जवळपास शून्य. निर्देशांक तोच, देश तोच, बाजारही तोच.

इथे लोक म्हणतात, "लाँग टर्म थांबायचं ना!" बरं, थांबू. २०१७ अखेर सेन्सेक्स ३४,०५७ होता. २००७ अखेर शिरलेल्याला दहा वर्षांत वर्षाला साधारण सव्वापाच टक्के मिळाले. २००४ अखेर शिरलेल्याला त्याच २०१७ पर्यंत वर्षाला १३ टक्क्यांच्या वर. दोघांनी एकाच दिवशी पैसे काढले, फरक फक्त आत शिरण्याच्या भावाचा. थांबल्याने जोखीम कमी होते हे मला मान्य आहे. पण महाग भावाने घेतलेला माल थांबून स्वस्तात घेतल्यासारखा होत नाही.

मागचा आकडा पुढे का टिकत नाही

पहिलं कारण आपल्या धंद्यातलंच आहे. माझं शालेय साहित्याचं दुकान आहे. जूनचा गल्ला बघून मी ऑक्टोबरचा माल भरत नाही, कारण जूनमध्ये शाळा उघडतात हे विक्रीमागचं कारण मला माहीत आहे. फंडाचंही तसंच. एखाद्या क्षेत्राचे शेअर्स तिप्पट झाले तेव्हा कारण होतं: कंपन्यांचा नफा वाढला, किंवा लोक त्याच नफ्यासाठी जास्त भाव द्यायला लागले. नफा दरवर्षी त्याच वेगाने वाढत नाही. आणि भाव आधीच वाढलेला असेल तर नवा ग्राहक तीच वस्तू महाग घेतो. चढलेला रिटर्न म्हणजे बऱ्याचदा चढलेला खरेदीभाव.

दुसरं कारण डब्याच्या आकाराचं. छोट्या कंपन्यांचे शेअर्स घेणारा फंड १०० कोटींचा असतो तेव्हा मॅनेजर सहज घेऊ-विकू शकतो. रिटर्न बघून लोक आले आणि फंड काही हजार कोटींचा झाला, की तेच शेअर्स घ्यायला गेल्यावर त्याच्याच खरेदीने भाव चढतो आणि विकायला गेल्यावर पडतो. नाव तेच, पण काम वेगळं झालेलं असतं. मधल्या काळात मॅनेजर बदलला असेल तर तो रेकॉर्ड चक्क दुसऱ्या माणसाचा असतो.

तिसरं, तक्त्याच्या वर कोण असतं? शेकडो योजनांमधून ज्यांचा डाव त्या तीन वर्षांत बसला ते. तारीख बदला, नावं बदलतात. म्हणूनच जाहिरातीत सांगावं लागतं की मागची कामगिरी पुढे टिकेलच असं नाही. ते वाक्य वकिलासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

मग करायचं काय

आधी पैशाचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात पुढच्या एक-दोन वर्षांत लागणारा सगळा पैसा. तो बचत खात्यात, एफडीत, किंवा फार तर ओव्हरनाइट वा लिक्विड फंडात. तिथेही हमी नाही हे ध्यानात ठेवा आणि अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून अनोळखी डेट फंडाकडे धावू नका. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना बंद केल्या. त्यात एक अल्ट्रा शॉर्ट बाँड फंडही होता. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण ज्याला मे महिन्यात व्यापाऱ्याचं देणं द्यायचं होतं त्याला "पुढे मिळतील" याचा काय उपयोग?

दुसऱ्या ढिगात, धंद्याला सात-आठ वर्षं हात लावावा लागणार नाही असा पैसा. त्यातून शेअर्सचे फंड जरूर बघा. पण तीन वर्षांचा एक आकडा बघून नाही. प्रत्येक वर्षाचा रिटर्न वेगवेगळा बघा. सगळी कमाई एकाच वर्षात झाली असेल तर सावध व्हा. पडत्या वर्षात तो किती पडला ते बघा. लाभांश धरून त्याच्या निर्देशांकाशी तुलना करा. तीन वर्षांपूर्वी फंड केवढा होता आणि आज केवढा आहे हेही बघा. हे सगळं फंडाच्या मासिक फॅक्टशीटवरून आणि योजनेच्या कागदपत्रांवरून काढता येतं.

आणि कुणी "१० रुपयांचा नवा फंड, स्वस्त आहे" म्हणालं तर वरचा डबा आठवा. एनएव्ही १० असो की ५००, डब्यातला माल १० टक्के वाढला तर तुमचे पैसे १० टक्केच वाढतात.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या खात्यातल्या पैशाची यादी करा आणि प्रत्येक रकमेपुढे ती कधी लागणार ती तारीख लिहा. जिथे तारीख लिहिता आली, ती रक्कम पहिल्या ढिगात. तिथे फंडाचा तक्ता उघडायचीच गरज नाही.