फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा ना!

दरवर्षी मॅगझिनचं काम सुरू झालं की नोटिस बोर्डवर एक ओळ लागते : ‘आपल्या वर्गाचा ग्रुप फोटो अमुक नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करावा.’ मग अंक छापून आला की हॉस्टेलमध्ये जो तो शोधत बसतो, ‘मागच्या लाईनीत तिसरा मी की तू?’ शिव्या मात्र प्रेसवाल्याला. माझं स्पष्ट मत असं आहे की प्रेसवाला बिचारा निर्दोष आहे, फोटो काढणारा पण निर्दोष आहे. गुन्हा त्या नोटिशीचा आहे! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या, पण हिशोब तपासून बघा.)

साधा 12 मेगापिक्सेलचा फोन घ्या. फोटो येतो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 वर आणली जाते, म्हणजे समोरच्याला मिळतो 1600 बाय 1200. ऐकायला वाटतं की अर्ध्याहून थोडं कमी झालं, ठीक आहे. पण रुंदी आणि उंची दोन्हीकडून कात्री लागते ना! 120 लाख ठिपक्यांतले उरले 19 लाख. सहातले पाच गेले.

आता ग्रुप फोटोचं गणित करू. साठ जणांचा वर्ग, तीन लाईनी, एका लाईनीत वीस जण. कडेचा थोडा भाग सोडला तर प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीत 180 ठिपके येतात. खांदे धरून 180, म्हणजे चेहऱ्याला साधारण 60. पाठवल्यावर त्याचे झाले 24, आणि एका डोळ्याला उरले जेमतेम पाच. पाच ठिपक्यांत डोळा ओळखू येईल, पण तो उघडा होता की मिटलेला यावर वाद होणारच. चष्म्याची बारीक फ्रेम तर अर्ध्या ठिपक्यात जाते, म्हणजे गायबच.

हा झाला पहिला वार. दुसरा वार जेपेग कॉम्प्रेशनचा. कॅमेरासुद्धा जेपेगच बनवतो, पण तो हात राखून करतो, आणि अ‍ॅप करतं कंजूषपणे. जेपेग चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनात हळूहळू बदलणारा भाग कोणता (गाल, आकाश, भिंत) आणि पटापट बदलणारा कोणता (केस, पापण्या, चौकड्यांचा शर्ट) हे वेगळं काढतो. जागा वाचवायची असली की दुसऱ्या प्रकारचे आकडे शून्याला टेकवून टाकतो, कारण आपल्या डोळ्याला ते गेलेलं पटकन कळत नाही. सिग्नल्सच्या पेपरात ज्याला आपण हाय फ्रिक्वेन्सी म्हणतो तेच हे. म्हणून फोटो फाटत नाही, तुटत नाही, नुसता मऊ पडतो, पावडर लावल्यासारखा. आणि आपला 24 ठिपक्यांचा चेहरा म्हणजे रुंदीला असे फक्त तीन चौकोन! एवढ्याशा चौकोनांत माणूस किती मावणार?

रंगांचं तर आणखी वाईट. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा साठवला जातो, पण रंग बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकच. स्नेहसंमेलनाच्या निळ्या बॅनरवरची लाल अक्षरं फोटोत कडेला फुटलेली, मुंग्या लागल्यासारखी दिसतात ना, ती याच दोन कारणांनी.

मग आत्तापर्यंत कोणी बोंब का मारली नाही? कारण आपण फोटो फोनवरच बघतो. फोनचा स्क्रीन रुंदीला साधारण 1080 ठिपक्यांचा असतो, त्याला 1600 भरपूर झाले. पण मॅगझिनच्या मधल्या जोडपानावर तोच फोटो साडेसोळा इंच पसरवला की एका इंचाला 97 ठिपके येतात. चांगल्या छपाईला 300 च्या आसपास लागतात. मूळ फाईल असती तर 242 मिळाले असते. पूर्ण नाही, पण चेहरे दिसले असते.

कंपनीला दोष द्यायला मी तयार नाही. पन्नास फोटो मूळ आकारात पाठवले तर 4 एमबीच्या हिशोबाने 200 एमबी होतात. दाबून 300 केबीचे केले तर 15. आपल्या हॉस्टेलच्या वायफायवर कुठला पर्याय चालेल ते सांगायला नको. गुड मॉर्निंगच्या गुलाबाला 1600 ठिपके पुष्कळ झाले.

एक गोष्ट मात्र इंजिनिअर म्हणवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. सर्व्हरला फोटो उघडून बघताच येत नाही, मग तो दाबणार कसा? हे काम पाठवणाऱ्याच्या फोनवरच, अपलोडच्या आधी होतं. म्हणजे मूळ फोटो त्या फोनच्या बाहेर पडलेलाच नसतो. मिळालेल्या फाईलला फोटोशॉपमध्ये कितीही मोठं करा, शार्प करा, गेलेले डोळे परत येत नाहीत. जे काही करायचं ते पाठवणाऱ्याने करायचं.

आणि ते अगदी सोपं आहे. अटॅचच्या खुणेवर जा, गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडा आणि तिथून फोटोची फाईल उचला. अ‍ॅपला ती पीडीएफसारखीच एक फाईल वाटते, तो तिला हात लावत नाही. 2022 पासून 2 जीबीपर्यंतची फाईल अशी जाते. 2023 मध्ये HD चं बटण आलं, त्याने ठिपके बरेच जास्त जातात, पण कॉम्प्रेशन होतंच. घरी आईला पाठवायला छान, छापायला नको. खूप फोटो असतील तर झिप करून एकच डॉक्युमेंट करा, किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. आणि केबल व पेनड्राइव्ह अजून मेलेले नाहीत! स्क्रीनशॉट काढून पाठवणाऱ्यांना मात्र मेसचं जेवण दोन दिवस बंद करावं.

मॅगझिन कमिटीतल्या सरांना आणि मॅडमना विनंती : फोटो हातात आला की आधी नाव बघा. IMG-20250214-WA0003.jpg अशा नावात ‘WA’ दिसलं, किंवा कॉम्प्युटरवर उतरवल्यावर नावाची सुरुवात WhatsApp Image अशी असली, तर तो चॅटमधून दबून आलाय. नाव बदललेलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये डायमेन्शन्स बघा. 1600 दिसले की त्याच दिवशी परत मागा. नंतर पोरं फोन फॉरमॅट करतात, पास आउट होतात, मग मूळ फोटो कुठेच राहत नाही.

डॉक्युमेंटचे दोन तोटे आहेत. आयफोनचा फोटो कधीकधी .heic फाईल म्हणून येतो आणि जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. कॅमेरा सेटिंग्जमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केला की पुढचे फोटो जेपेगच निघतात. दुसरा तोटा जास्त महत्त्वाचा, विशेषतः आम्हा लेडीज हॉस्टेलवाल्यांना. मूळ फाईलमध्ये फोटोची तारीख, फोनचं मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा लपलेले असतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवताना ते पुसले जातात, डॉक्युमेंटमध्ये तसेच जातात. वर्गाच्या ग्रुप फोटोत कॉलेजचं ठिकाण गेलं तर काही बिघडत नाही, ते सगळ्यांना माहीतच आहे. रूमवर काढलेला फोटो अनोळखी माणसाला द्यायचा असेल तर आधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून काढा, नाहीतर तो साध्या पद्धतीनेच पाठवा. तिथे तो मऊ पडला तरी चालेल.